साडेवीस ग्रॅमचा हिशेब

ओआरएसच्या प्रमाणित पाकिटात साडेवीस ग्रॅम पावडर असते. ग्लुकोज १३.५ ग्रॅम, साधे मीठ २.६ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. एक लिटर पाण्यात ती विरघळवायची. पावसाळ्याच्या तोंडावर मुळशीतल्या जांबे, नेरे, मारुंजीसारख्या गावांत लहान मुले असलेल्या घरी आशाताई हे पाकीट आणि झिंकच्या गोळ्या देतात. ओढ्याला गढूळ पाणी आले की जुलाबाचे दिवस सुरू होतात, हे तिथल्या कुणाला सांगावे लागत नाही. पाकिटातली साखर मात्र बहुतेकांना ‘ताकदीसाठी’ किंवा ‘चवीसाठी’ घातलेली वाटते. ती तशी नाही. ती मिठाला आतड्यातून आत नेण्यासाठी आहे, आणि तिचे १३.५ ग्रॅम हे प्रमाण पेशीपटलाच्या हिशेबातून आले आहे.

पेशीपटलातून पदार्थ ने-आण करण्याचे तीन प्रकार बारावीच्या किंवा नीटच्या तयारीत तक्त्यात पाठ केले जातात. सुलभ विसरण, प्राथमिक सक्रिय वहन आणि सहवहन. तीन रकाने, प्रत्येकात चार मुद्दे. या तक्त्याबद्दल माझी तक्रार अशी की तो तीन वेगळ्या वस्तू दाखवतो. प्रत्यक्षात आतड्याच्या एकाच पेशीत, तिच्या दोन बाजूंना, हे तिन्ही एकमेकांच्या आधाराने चालतात. त्यांतला फरक नीट कळायचा असेल तर एकच प्रश्न विचारावा: ऊर्जा कोण देते, आणि कधी देते? उत्तर आकडेमोडीतून मिळते, आणि ती दहावीच्या गणितापलीकडची नाही.

पेशी अशी उभी आहे असे समजा. तिची एक बाजू आतड्याच्या पोकळीकडे, जिथे आपण प्यायलेले द्रावण येते. दुसरी बाजू रक्ताकडे. पोकळीकडच्या बाजूला एसजीएलटी-१ नावाचे प्रथिन आहे. ते दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकदमच आत घेते. हे सहवहन. रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप आहे. तो एटीपीचा एक रेणू फोडून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. हे प्राथमिक सक्रिय वहन. त्याच बाजूला ग्लुट-२ आहे, ज्यातून ग्लुकोज आपल्या उताराने रक्तात उतरते. हे सुलभ विसरण.

सुरुवात पंपापासून करू, कारण सगळा खर्च तिथे होतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंत हे विकर दाखवले. त्यासाठीचे नोबेल मिळायला १९९७ उजाडले. पेशीबाहेर सोडियम लिटरला १४५ मिलिमोल, आत १२. पोटॅशियम उलट, बाहेर ४ आणि आत १४०. शिवाय पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने ऋणभारित असतो. आतड्याच्या पेशीसाठी ५० मिलिव्होल्ट धरू.

शरीराच्या तापमानाला दहापट तीव्रतेच्या दिशेने एक मोल पदार्थ चढवायला सुमारे ५.९ किलोज्यूल लागतात. एका धनभाराला ५० मिलिव्होल्टच्या विरोधात ओढायला मोलमागे सुमारे ४.८. एवढे दोन दर हाताशी असले की पुढचे सोपे आहे. सोडियमचे बाहेर-आत गुणोत्तर १४५ भागिले १२, म्हणजे साधारण १२ पट, त्याचे ६.४ किलोज्यूल. सोडियम धनभारित, त्याला ऋण बाजूकडून धन बाजूकडे न्यायचे म्हणून आणखी ४.८. एका मोलला ११.२, तीन मोलना ३३.७. पोटॅशियमचे गुणोत्तर ३५ पट, त्याचे ९.२, पण तो ऋण बाजूकडे जातोय, विजेची मदत मिळते, म्हणून ४.८ वजा. उरले ४.४, दोन मोलचे ८.८. एकूण साडेबेचाळीसच्या आसपास.

जिवंत पेशीत एटीपीचा एक मोल फुटला की ५० ते ५५ किलोज्यूल मिळतात. म्हणजे पंप आपल्या कमाईचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कामी लावतो. तीनऐवजी चार सोडियम का टाकत नाही, याचे उत्तर याच बेरजेत आहे. चौथ्या सोडियमचे ११.२ मिळवले तर खर्च ५४ च्या घरात जातो आणि एटीपी पुरेनासे होते. थोडी चणचण झाली की पंप उलटा फिरण्याची भीती. तीन आणि दोन हे आकडे पाठ करायचे म्हणून नाहीत. या तीव्रतांना एवढेच परवडते.

आता सहवहन. इथे एटीपी कुठेच फुटत नाही, तरीही ग्लुकोज चढावर जाते. सोडियम आत शिरताना जेवढी ऊर्जा सोडतो, तेवढ्यात ग्लुकोज ओढले जाते. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना ऑगस्ट १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली, आणि प्रथिनाचे जनुक हाती यायला १९८७ उजाडले. सोडियमचा उतार किती जोरदार आहे ते पटीत मोजू. तीव्रतेमुळे १२ पट. विजेच्या ५० मिलिव्होल्टचा परिणाम साडेसहा पट. दोन्हींचा गुणाकार सुमारे ७८. म्हणजे एका सोडियमच्या जोरावर एक ग्लुकोज बाहेरच्या ७८ पट तीव्रतेपर्यंत आत साठवता येते. एसजीएलटी-१ दोन सोडियम घेते, तेव्हा ७८ गुणिले ७८: सहा हजारांच्या वर. पोकळीत ग्लुकोज जवळजवळ संपले तरी ते शेवटचा अंश ओढून घेऊ शकते. प्रत्यक्षात पेशीत एवढी साखर कधी साठत नाही, कारण ती मागच्या दारातून रक्तात उतरत राहते. ६ हजार ही मर्यादा आहे, स्थिती नव्हे. हा भेद प्रश्नपत्रिकेत नेहमी सुटतो.

हाच हिशेब पेल्यातल्या द्रावणाला लावून पाहा, म्हणजे पाकिटाचे मर्म कळेल. ओआरएसमध्ये सोडियम ७५ मिलिमोल असते. ७५ भागिले १२ म्हणजे सव्वासहा, गुणिले साडेसहा, सुमारे ४०. त्याचा वर्ग १,६००. जोर कमी झाला, पण भरपूर शिल्लक आहे. आता समजा कुणी जुलाब होणाऱ्या मुलाला नुसते साखरेचे पाणी किंवा गोड पेय दिले, ज्यात सोडियम २ मिलिमोल आहे. २ भागिले १२, गुणिले साडेसहा: जेमतेम १.०८. वर्ग १.१७. म्हणजे ओढायला जोरच नाही. मग आतडे काय करते? रक्तातला सोडियम पेशींच्या फटींतून पोकळीत झिरपतो, आणि त्याच्या आधाराने साखर आत जाऊ लागते. ज्या मुलाच्या अंगातले मीठ आधीच वाहून चालले आहे, त्याच्याच अंगातून आणखी मीठ पोकळीत उतरते.

सुलभ विसरणाकडे येताना आधी एक गैरसमज दूर करू. ‘सुलभ’ म्हणजे वेगवान असे नव्हे. प्रथिन हे दार आहे. चढ-उतार ठरवणे त्याच्या हाती नाही. दाराची संख्या मर्यादित, म्हणून वेगालाही कमाल मर्यादा. वेग म्हणजे कमाल वेग गुणिले साखरेची तीव्रता, भागिले तीव्रता अधिक एक स्थिरांक. त्या स्थिरांकाएवढी साखर असली की दार अर्ध्या क्षमतेने चालते. ग्लुट-२ साठी हा स्थिरांक बराच मोठा, सुमारे १७ मिलिमोल.

जेवणानंतर पेशीत ग्लुकोज १५ मिलिमोल आणि रक्तात ५ आहे असे धरू. आतून बाहेर जाण्याचा वेग १५ भागिले ३२, म्हणजे कमालच्या ४७ टक्के. बाहेरून आत येण्याचा ५ भागिले २२, म्हणजे २३ टक्के. वजाबाकी २४ टक्के, रक्ताच्या दिशेने. दाराची दोन्ही तोंडे सारखीच आहेत असे मानून केलेला हा ठोकताळा आहे, पण दिशा बरोबर सांगतो. आता रक्तातली साखर वाढून १५ झाली तर वजाबाकी शून्य. दार उघडेच, रेणू दोन्हीकडून ये-जा करतात, पण निव्वळ काही होत नाही. मधुमेह न सांभाळलेल्या माणसाच्या रक्तात ती २५ झाली, तर ग्लुट-२ साखर उलट पेशीत सोडेल. पंप किंवा एसजीएलटी-१ यांच्या बाबतीत दिशा ऊर्जेने ठरते. इथे ती फक्त दोन्हीकडच्या तीव्रतांनी ठरते.

याच बाबतीत साध्या साखरेचे उदाहरण मला फार बोलके वाटते. घरच्या घरी करायच्या द्रावणात लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असते. सहा चमचे म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. आतड्याच्या काठावर या साखरेचा प्रत्येक रेणू फुटून एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज होतो. २५ ग्रॅममधून प्रत्येकी सुमारे ७३ मिलिमोल. म्हणजे ग्लुकोज जवळपास पाकिटाएवढेच. पण फ्रुक्टोजला एसजीएलटी-१ हात लावत नाही. ते ग्लुट-५ नावाच्या दारातून, सुलभ विसरणाने, फक्त उताराने जाते. पोकळीत आणि पेशीत त्याची पातळी समान झाली की थांबते. एकाच चमच्यातल्या साखरेचे दोन भाग, शेजारी शेजारी असलेल्या दोन दारांतून, दोन निराळ्या नियमांनी आत शिरतात. त्यांतला एकच सोडियम बरोबर घेतो. म्हणूनच पाकिटात साखर न घालता ग्लुकोज घालतात.

आता पाकिटाचे बिल करू. १३.५ ग्रॅम ग्लुकोज म्हणजे ७५ मिलिमोल. एसजीएलटी-१ मधून ते सगळे आत आले तर बरोबर १५० मिलिमोल सोडियम येईल. पाकिटात सोडियम ७५ च आहे. उरलेला भाग पाचक रसांतून आणि जुलाबातून पोकळीत आलेलाच असतो, तो परत मिळवायचा आहे. पंपाला तीन सोडियममागे एक एटीपी लागते, म्हणजे १५० मिलिमोलना ५० मिलिमोल एटीपी. एक ग्लुकोज पूर्ण जाळले तर सुमारे ३० एटीपी मिळतात. म्हणून ५० भागिले ३०, पावणेदोन मिलिमोलच्या आसपास ग्लुकोज. वजनात सुमारे ०.३ ग्रॅम. साडेतेरा ग्रॅम साखर आत घेण्याचा खर्च जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम, दोन टक्क्यांच्या आसपास.

आणि बदल्यात पाणी किती? १५० सोडियम, त्याच्यामागे भार जुळवायला तेवढेच क्लोराइड, आणि ७५ ग्लुकोज: एकूण ३७५ मिलिमोल कण. रक्ताची तीव्रता लिटरला सुमारे २९०. पाणी कणांमागे जाते, म्हणून ३७५ भागिले २९०, सव्वा लिटरहून थोडे जास्त. हा वरच्या टोकाचा अंदाज आहे. सगळे ग्लुकोज शोषले जाईलच असे नाही. तरी एक लिटर प्यायलेले आणि त्यावर पाव लिटर परत मिळवलेले, एवढा फायदा तत्त्वतः शक्य आहे. पाण्याला स्वतःचा पंप नाही. ते मिठामागे येते.

हे शक्य होते ते एका योगायोगाने. कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवले की पटकीचे जंतू आतड्यात एक विष सोडतात आणि त्यानेच पाणी ओतू लागते. ते विष पेशीतून क्लोराइड बाहेर सोडणारे दार उघडे ठेवते आणि मिठाच्या शोषणाचा एक मोठा मार्ग बंद करते. एसजीएलटी-१ ला मात्र ते धक्का लावत नाही. जुलाब चालू असतानाही साखर-मिठाची जोडी आत जात राहते. ढाक्यात १९६८ मध्ये डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रुग्णांवर हे सिद्ध केले. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे द्रावण पिंपांतून वाटले. अशा छावण्यांत ३० टक्क्यांपर्यंत जाणारा मृत्युदर त्यांच्या देखरेखीखाली ३.६ टक्क्यांवर आला. जुलाब थांबला म्हणून नव्हे. ओआरएस जुलाब थांबवत नाही, आणि ‘पाजले तरी जुलाब चालूच आहेत’ म्हणून ते बंद करणे ही घराघरांत होणारी चूक आहे.

एखादे वहन तीनांपैकी कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखायचे कसे? प्रयोगशाळेत तीन गोष्टी करतात: एटीपी बंद करतात, बाहेरचा सोडियम काढून त्या जागी दुसरा भारित कण घालतात, आणि विशिष्ट विष वापरतात. इथे वेळेकडे लक्ष ठेवावे लागते. गच्चीवरच्या टाकीची मोटर वीज गेल्याक्षणी थांबते, पण खालचा नळ टाकी रिकामी होईपर्यंत चालतो. पंप आणि सहवहन यांच्यात नेमके हेच नाते आहे. एटीपी तोडले तर पंप लगेच थांबतो. एसजीएलटी-१ काही वेळ चालत राहते आणि सोडियमचा उतार सपाट होत गेला तसे मंदावते. ग्लुटला काहीच फरक पडत नाही. उलट, बाहेरचा सोडियम काढला तर एसजीएलटी-१ लगेच थांबते. फ्लोरिझिन एसजीएलटी अडवते. त्याचाच साखर नसलेला भाऊ फ्लोरेटिन ग्लुट अडवतो. फक्त ‘एटीपी बंद केल्यावर थांबले’ एवढ्यावरून प्राथमिक सक्रिय वहन असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी इथे फसतो, कारण पुरेसा वेळ थांबले तर सहवहनही थांबते.

पंपच बंद पडला तर काय होते याचे उदाहरण आपल्या रस्त्यांच्या दुभाजकांवर फुललेले असते. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, या दोन्हींत हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये असतात. ती सोडियम-पोटॅशियम पंपाला बाहेरच्या बाजूने चिकटतात. हृदयाच्या पेशीत सोडियम साचू लागतो. तिथे आणखी एक सहवाहक आहे, उलट दिशांनी चालणारा: तीन सोडियम आत, एक कॅल्शियम बाहेर. त्याचा जोर सोडियमच्या उताराच्या तिसऱ्या घातावर ठरतो. आतला सोडियम १२ चा १५ झाला, म्हणजे फक्त सव्वापट, तर सव्वा गुणिले सव्वा गुणिले सव्वा: जवळपास दुप्पट. इतर काही बदलले नाही असे धरले तर पेशीतल्या कॅल्शियमची समतोल पातळी दुपटीजवळ जाते. सौम्य प्रमाणात हाच परिणाम डिगॉक्सिन या औषधात उपयोगी पडतो, आकुंचन जोरकस होते. विषबाधेत ठोक्यांची लय बिघडते. आणि पंपाने आत न घेतलेला पोटॅशियम रक्तात वाढतो. रक्तातली पोटॅशियमची पातळी ही तीव्र विषबाधा ओळखण्याची एक महत्त्वाची खूण आहे. मुलाने बिट्टीचे बी चघळले अशी शंका आली तरी घरगुती उपाय न करता ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. विष एका प्राथमिक पंपावर बसले, पण जिवावर बेतले ते त्याच्या आधाराने चालणाऱ्या सहवाहकामुळे.

सहवाहकच नसेल तर? एसजीएलटी-१ च्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेली काही बाळे जन्मतात. आईच्या दुधातली साखर फुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज होते. दोन्ही याच दाराने जायला हवीत. ती पोकळीतच राहतात, पाणी खेचतात आणि पहिल्याच दिवसांत जीवघेणे जुलाब सुरू होतात. या बाळांना नेहमीचे ओआरएस दिले तर त्रास वाढेल, कारण त्यात ग्लुकोज आहे. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज नसलेला, फ्रुक्टोज असलेला आहार दिला की जुलाब थांबतात. फ्रुक्टोज ग्लुट-५ मधून जाते आणि ते दार शाबूत आहे. निसर्गाने केलेला हा प्रयोग एसजीएलटी-१ आणि ग्लुट-५ यांचा वेगळेपणा एका बाळाच्या पोटात दाखवतो.

या क्षेत्रात एक वाद बराच काळ चालला. जेवणात साखर खूप असली तर पेशी ग्लुट-२ रक्ताकडच्या बाजूवरून पोकळीकडेही आणून बसवते आणि बरेचसे ग्लुकोज सुलभ विसरणाने आत येते, असे एक मत होते. उताराने येणारी साखर बिनखर्चाची, म्हणून कल्पना आकर्षक होती. २०१२ मध्ये एसजीएलटी-१ नसलेल्या उंदरांवरच्या अभ्यासात ग्लुकोजचे शोषण मोठ्या प्रमाणात कोसळलेले दिसले. निदान उंदरांत तरी मुख्य रस्ता सहवहनाचाच, असे त्यावरून म्हणता येते. माझा कलही तिकडेच आहे.

मूत्रपिंडात असे दोन सहवाहक एकापुढे एक बसवले आहेत, आणि त्यात काटकसर दिसते. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यात साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज असते. नळीच्या सुरुवातीला, जिथे साखर मुबलक, एसजीएलटी-२ आहे: एक सोडियम, एक ग्लुकोज. कमाल जोर ७८ पट, खर्च ग्लुकोजमागे एक तृतीयांश एटीपी. बहुतांश साखर तिथेच उचलली जाते. पुढे, जिथे थोडीच उरली आहे, दोन सोडियमवाले एसजीएलटी-१ लागते: खर्च दुप्पट, पण जोर ७८ वरून ६ हजारांवर. मधुमेहात दिली जाणारी डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे एसजीएलटी-२ अडवतात आणि साखर लघवीवाटे जाते. आतड्यातले एसजीएलटी-१ ती फारसे अडवत नाहीत, म्हणून त्यांनी अन्नातली साखर शोषली जायची थांबत नाही.

पुन्हा पेल्याकडे. सध्याच्या ओआरएसची एकूण तीव्रता २४५ आहे. २००२ पर्यंतची ३११ होती, सोडियम ९० आणि ग्लुकोज १११. रक्ताच्या २९० पेक्षा जास्त तीव्र द्रावण सुरुवातीला पाणी पोकळीकडे खेचते, म्हणून ते सौम्य केले, आणि मुलांना सलाईन लावण्याची गरज सुमारे एक तृतीयांशाने घटली. याउलट शंभर मिलिलीटरला ११ ग्रॅम साखर असलेले डबाबंद पेय घ्या. लिटरला ११० ग्रॅम म्हणजे ३२० मिलिमोल साखर. आतड्याच्या काठावर फुटल्यावर ६४० कण. रक्ताच्या दुपटीहून अधिक. त्यातले अर्धे फ्रुक्टोज, जे उताराशिवाय जात नाही. आणि सोडियम इतका थोडा की ग्लुकोजलाही जोर नाही. जुलाबात हे पेय पाणी देत नाही, घेते.

भाताची पेज मात्र या गणितात छान बसते, आणि मुळशी-मावळात ती प्रत्येक घरात असते. पन्नास ग्रॅम तांदळाच्या पिठात स्टार्चच्या लांब साखळ्या असतात. त्या सगळ्या फुटल्या तर सुमारे २५० मिलिमोल ग्लुकोज निघेल, पण साखळी असेपर्यंत हजारो ग्लुकोज मिळून एकच कण. म्हणून पेजेची तीव्रता कमी, आणि ग्लुकोज काठावर जसजसे सुटते तसतसे एसजीएलटी-१ ते उचलते. पटकीच्या रुग्णांत तांदळाच्या द्रावणाने जुलाबाचे प्रमाण ग्लुकोजच्या जुन्या द्रावणापेक्षा घटल्याचे अभ्यासांत दिसले आहे. एक अट आहे: पेजेत मीठ हवेच. अळणी पेज म्हणजे सोडियमशिवाय ग्लुकोज, वरचा १.१७ चा हिशेब.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने प्रमाणित सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. तरी दुकानातून घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. सोडियम ७५, ग्लुकोज ७५, एकूण २४५ हे तीन आकडे दिसले पाहिजेत. सोडियमचा आकडाच नसेल तर ते ओआरएस नव्हे. साडेवीस ग्रॅमचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घाला. मूल थोडेच पिते म्हणून अर्ध्या लिटरात कालवले तर तीव्रता ४९० होते आणि उलट परिणाम होतो. कालवलेले द्रावण चोवीस तासांनी टाकून द्या. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, काही पोटात ठरेना किंवा शौचात रक्त दिसले, तर पाजत पाजतच दवाखाना गाठा.